मदत हवी आहे : आजारपणामुळे त्रेपन्न दिवस रखडलेल्या ईमेलला ज्येष्ठांना काय उत्तर लिहावे?

मोडीवाचक

मी पुण्यात इतिहासाचा संशोधक विद्यार्थी आहे. एका निवृत्त प्राध्यापकांच्या सांगण्यावरून मी चौदा मोडी पत्रांचे लिप्यंतर केले. ते त्यांच्या शिफारशीने एका लेखसंग्रहात जायचे आहे. २१ जुलैला सरांची ईमेल आली. तीत तीन गोष्टी होत्या : नवव्या पत्राचा इसवी सन मी १७७५ दिला आहे तो पुन्हा तपासावा, दुरुस्त मसुदा १५ ऑगस्टपर्यंत पाठवावा, आणि त्यांनी दिलेली छायाप्रतींची फाईल सवडीने परत करावी.

२४ जुलैला मला ताप आला, डेंग्यू निघाला, प्लेटलेट अडतीस हजारांवर उतरल्याने पाच दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि २ ऑगस्टला घरी आल्यावरही जवळजवळ तीन आठवडे अशक्तपणा इतका होता की मोडीचा एक कागद वाचला की डोळे मिटून पडावे लागे. हे सगळे खरे आहे. पण २५ ऑगस्टपासून मी उत्तर लिहू शकलो असतो, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा १५ तारीख उलटून गेली होती, काय तोंडाने लिहावे हे कळेना, आणि जितके दिवस गेले तितके लिहिणे अवघड होत गेले. आज १२ सप्टेंबर आहे. केलेला मसुदा असा सुरू होतो :

"परमपूज्य सर, आपल्या चरणी शतशः क्षमायाचना. माझ्याकडून अक्षम्य अपराध घडला आहे. गेले दोन महिने मी मरणप्राय आजारी असल्याने..."

पुढे दीड पान आजाराचेच आहे. माझे मलाच ते वाचवत नाही. कसे लिहावे?

शनिवारपेठी

मायन्याकडे प्रथम लक्ष द्या. 'परमपूज्य' हे वडिलांना किंवा संतांना लिहितात. गुरुस्थानी असलेल्या व्यक्तीला 'शि. सा. न. वि. वि.' असेच लिहायला हवे, हल्ली हे कोणी पाळत नाही. आणि सोबत रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड जोडा, म्हणजे शंकेला जागा उरत नाही. लेखसंग्रहाच्या संपादकांनाही तीच ईमेल प्रत म्हणून पाठवा, एका दगडात दोन पक्षी.

घाटमाथा

मला तीन वर्षांपूर्वी टायफॉईड झाला होता, तेव्हा आमच्या कार्यालयाने वैद्यकीय प्रमाणपत्राबरोबर कामावर हजर होण्यास योग्य असल्याचा दाखलाही मागितला होता आणि तो नसल्याने माझी अकरा दिवसांची रजा बिनपगारी झाली. तेव्हा विद्यापीठाकडे मुदतवाढीचा अर्ज लगेच करा, उशीर करू नका. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहून घ्या.

मोडीवाचक

घाटमाथा, आभारी आहे, पण मुदतवाढीचा प्रश्न नाही. सर माझे मार्गदर्शक नाहीत आणि हे काम प्रबंधाचा भागही नाही. त्यांनी आपणहून दिलेले काम आहे, म्हणून तर अधिक लाज वाटते.

दौतटाक

मी तीस वर्षे एका संशोधन नियतकालिकाचे संपादन केले आहे. उशिरा आलेली उत्तरे हा त्या कामाचा निम्मा भाग असतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

तुमच्या मसुद्यात क्षमा तीनदा आणि आजार दीड पान आहे, पण सरांनी जे विचारले होते त्यातले एकही वाक्य नाही. त्यांनी ईमेल उघडली की ते आधी नववे पत्र शोधतील. तेव्हा क्षमा एकदाच मागा, पहिल्या परिच्छेदात, साध्या क्रियापदात : 'क्षमा मागतो'. 'दिलगीर आहे' लिहू नका, ते फलाटावरच्या घोषणेसारखे वाटते, कारण तिथे गैरसोय कोणाची आणि चूक कोणाची हे कधीच सांगितलेले नसते. 'अक्षम्य अपराध' तर मुळीच नको. तसे लिहिले की समोरच्या सभ्य माणसाला 'छे, छे, अपराध कसला' असे म्हणत तुमचीच समजूत काढत बसावे लागते.

आजार दोन वाक्यांत, तारखांसह सांगा. डिस्चार्ज कार्ड जोडू नका. ते कार्यालयाला लागते, कारण कार्यालयाला नोंद ठेवायची असते. सरांना पाठवले तर त्यांनी न घेतलेल्या शंकेचे तुम्ही उत्तर दिल्यासारखे होते.

आता अवघड भाग. २५ ऑगस्टनंतरचे अठरा दिवस आजाराच्या खात्यावर टाकू नका. तुम्ही लिहिले आहे, 'गेले दोन महिने आजारी'. या काळात तुम्ही कुठे बाहेर गेला होतात का?

मोडीवाचक

३० ऑगस्टला एका व्याख्यानाला गेलो होतो. सरांचे एक स्नेही तिथे भेटले, त्यांनी तब्येतीची चौकशीही केली. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

दौतटाक

पुण्यात हे असेच होते, एका व्याख्यानाला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पाच घरांत पोचलेला असतो. पण ते स्नेही भेटले नसते तरी मी हेच सांगितले असते. आजार पुरेसे कारण आहे. त्याला अठरा दिवस ताणलेत तर खरे दिवसही संशयात येतील. एक वाक्य लिहा : नंतरचा उशीर संकोचामुळे झाला, तो माझा दोष. त्यापुढे स्पष्टीकरण नको.

संपादकांना प्रत पाठवण्याच्या मी विरोधात आहे. शिफारस सरांची आहे. मुदत हुकल्याचे संपादकांना कसे आणि कधी सांगायचे हे सरांनी ठरवायचे. तुमच्या प्रतीमुळे त्यांना तिसऱ्या माणसासमोर उत्तर द्यावे लागेल.

शनिवारपेठी

कार्डाबाबत पटले. मायन्याबाबत नाही.

दौतटाक

सर स्वतः काय लिहितात?

मोडीवाचक

त्यांच्या ईमेलमध्ये फक्त 'नमस्कार' असते.

दौतटाक

मग तुम्ही 'आदरणीय सर, सादर नमस्कार' लिहा. आजवर साधे लिहीत आलात आणि आजच शिरसाष्टांग घातलात तर तो माफीचाच भाग वाटेल.

पुढच्या कामाबद्दल : 'लवकरात लवकर पाठवतो' असे लिहू नका, तारीख द्या. नवव्या पत्राचे उत्तर मात्र याच ईमेलमध्ये गेले पाहिजे, ते तयार आहे का?

मोडीवाचक

हो, काल पाहिले. पत्रावर सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली अरबी अंकशब्दांची कालगणना, 'सीत सबैन मया व अलफ' आहे, म्हणजे ११७६, आणि हिजरी महिना रबिलावल. मी सरसकट ५९९ मिळवून १७७५ काढले होते. पण सुहूर सन मृग नक्षत्रापासून, म्हणजे साधारण जूनपासून सुरू होतो, आणि त्या वर्षातला रबिलावल जानेवारीनंतर, एप्रिल-मेमध्ये येतो, म्हणून ६०० मिळवायला हवे होते. पत्र १७७६ चे आहे. सरांना ते दिसले असणार, त्यांनी फक्त 'तपासावे' म्हटले. यामुळे माझी टीपही चुकली, कारण पत्र मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहाच्या आधीचे नसून नंतरचे ठरते.

मसुदा मी तीन दिवसांत देऊ शकेन असे वाटते.

दौतटाक

सध्या सलग किती वेळ बसू शकता? आणि हीच चूक बाकीच्या तेरा पत्रांत नाही कशावरून?

मोडीवाचक

दिवसाला दोन तास, फार तर. बाकीची तपासलेली नाहीत.

दौतटाक

मग दोन तासांत दोन पत्रे धरली तरी सात दिवस झाले. परवा गणपती बसतात, घरचे दोन-तीन दिवस जाणारच, आणि एखादा दिवस पुन्हा पडून काढावा लागला तर तोही धरा. १२ ला ईमेल जाणार असेल तर २६ सप्टेंबर लिहा. पहिली मुदत आजाराने हुकली हे कोणीही समजून घेईल. आपणच दिलेली दुसरी मुदत हुकली तर मात्र सर पुढचे काम दुसऱ्या कोणाला देतील, आणि ते तुम्हाला कळणारही नाही.

कर्वेरोड

एवढे दिवस गेल्यावर ईमेल कसली करता? सरळ फोन करा. ज्येष्ठांना आवाज ऐकला की बरे वाटते. आमच्या आत्याबाईंचे सहा महिन्यांचे रुसणे एका फोनने मिटले होते.

दौतटाक

फोनवर सर म्हणतील, 'असू द्या हो, तब्येत सांभाळा', आणि नवव्या पत्राचे, मुदतीचे, फाईलचे बोलणे राहून जाईल. काहींना फोनच आवडतो, हे मान्य. तरी लेखी उत्तर आधी जावे असे मला वाटते. आणि नवी ईमेल सुरू करू नका, त्यांच्या २१ जुलैच्या ईमेललाच उत्तर द्या, म्हणजे त्यांचे प्रश्न खाली दिसतील आणि त्यांना शोधावे लागणार नाही.

मोडीवाचक

नवा मसुदा देत आहे.

"आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपल्या २१ जुलैच्या ईमेलला इतक्या उशिरा उत्तर देत आहे, त्याबद्दल आपली मनापासून क्षमा मागतो. २४ जुलैपासून मला डेंग्यू झाला होता. पाच दिवस रुग्णालयात होतो आणि २ ऑगस्टला घरी आल्यावर सुमारे तीन आठवडे वाचन-लेखन जमत नव्हते. त्यानंतरचा उशीर मात्र केवळ संकोचामुळे झाला, तो माझा दोष आहे.

नवव्या पत्राबाबत आपली शंका योग्य होती. रबिलावल महिना असल्याने ६०० मिळवायला हवे होते. पत्र १७७६ चे आहे आणि पुरंदरच्या तहाविषयीची माझी टीपही त्यानुसार बदलावी लागेल. हीच चूक इतरत्र झाली आहे का, हे मी उरलेल्या तेरा पत्रांत तपासत आहे. सर्व चौदा पत्रांचा दुरुस्त मसुदा २६ सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पाठवतो.

१५ ऑगस्टची मुदत माझ्यामुळे हुकली. संग्रहात अद्याप जागा असल्यास संपादकांना मी स्वतः लिहावे की आपण सांगाल तोपर्यंत थांबावे, हे कृपया कळवावे. जागा नसली तरी मसुदा आपल्याकडे वरील तारखेला येईल.

छायाप्रतींची फाईल उद्या सकाळी घरी आणून देतो.

आपला नम्र,"

दौतटाक

पाठवा. फक्त 'मनापासून' काढा. आणि नवव्या पत्राच्या आधी सोडलेली ओळ तशीच ठेवा, तो परिच्छेद त्यांना लगेच सापडायला हवा.

शनिवारपेठी

'मनापासून' राहू द्यावे, असे माझे मत. मराठीत तेवढा ओलावा असावा. आणि फाईल उद्याच द्या खरोखर, परवापासून पेठांत चारचाकी तर सोडाच, दुचाकीही शिरायची नाही.

मोडीवाचक

'मनापासून' ठेवले, ईमेल काल रात्री गेली. आज सकाळी सदाशिव पेठेत फाईल द्यायला गेलो तर सर फिरायला गेले होते. काकूंनी फाईल घेतली, माझ्याकडे पाहून 'बारीक झालास रे' म्हणाल्या आणि पन्हे दिले. ईमेलचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. सरांचे उत्तर अजून आलेले नाही. आले नाही तर चार-पाच दिवसांनी आठवण करावी का?

कर्वेरोड

म्हणून म्हटले होते, फोन करा.

दौतटाक

त्रेपन्न दिवस घेतलेल्याने पाचव्या दिवशी आठवण करू नये. २६ ला मसुदा पाठवा. संपादकांचे काय ते त्याच ईमेलमध्ये पुन्हा एका ओळीत विचारा. त्याआधी संग्रह छापायला गेला तर काय, याला माझ्याकडेही उत्तर नाही.

मोडीवाचक

ठीक आहे. पहिली दोन पत्रे आज तपासली. दुसऱ्यातही तीच चूक आहे.