पत्ते उलटले आणि 3 व 13 निघाले: 'मतभेद' म्हणावे की 'तफावत'?

टिपणकार: आमच्या प्लॅनिंग पोकरच्या, म्हणजे आकड्यांचे पत्ते टाकून सॉफ्टवेअरचे काम किती मोठे आहे याचा अंदाज बांधण्याच्या, बैठकांची टिपणे मी मराठीत लिहितो. 'ग्राहकाला आपला नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलता यावा' या स्टोरीवर एका डेव्हलपरने 3 चा पत्ता दाखवला आणि दुसरीने 13 चा. मी टिपणात 'अंदाजांत मतभेद' असे लिहिले, त्यावर स्क्रम मास्टरांनी हरकत घेतली. योग्य शब्द कोणता, आणि एवढे अंतर पडल्यावर पुढे नेमके काय करावे?

सरळमार्गी: 'तफावत' लिहावे. मत मताच्या जागी असते, येथे आकडे आहेत. दोहोंची सरासरी 8 येते आणि 8 चा पत्ता संचात आहेच, तेव्हा तोच धरून पुढे जावे.

जुनी_पाटी: 'तफावत' हा शब्द आकड्यांपुरता बरोबर आहे, सरासरी मात्र घेऊ नये. ज्याने 3 म्हटले त्याच्या डोळ्यांसमोर एक फॉर्म आणि तक्त्यातला एक रकाना असेल, तर जिने 13 म्हटले तिला बहुधा हाच क्रमांक लॉगिनसाठीही वापरला जातो हे आठवले असेल. म्हणजे दोघांनी दोन वेगवेगळ्या कामांचा अंदाज दिला आहे आणि 8 हा आकडा त्यांपैकी कोणत्याच कामाचा नाही. म्हणून मी टिपणात 'समजुतीतला फरक' असे लिहीन.

जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढे माइक कोन यांनी ती रुळवली. पत्ते एकदम उलटायचे ते पहिल्याने बोललेल्या आकड्याकडे बाकीचे ओढले जाऊ नयेत म्हणून; त्यानंतर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा देणाऱ्यांनी आधी बोलायचे आणि मग पुन्हा पत्ते टाकायचे. बोलताना 'एवढे का लागतील?' असे विचारू नये, कारण त्याने माणूस बचावात जातो. 'तुम्ही यात काय काय धरले आहे?' असे विचारावे.

मोजणीदार: मी बांधकाम खात्यात अंदाजपत्रके करीत असे. आमच्याकडे दरसूची ठरलेली असल्यामुळे दोघांच्या रकमांत चौपट अंतर पडले, तर एकाची मोजणी चुकलेली असे आणि ती पुन्हा करून घेतली जाई. तुमचे दर कोण ठरवते?

जुनी_पाटी: येथे दर नसतात, पॉइंट म्हणजे रुपये नव्हेत आणि तासही नव्हेत, संघाने आधी केलेल्या कामाच्या तुलनेत हे काम किती मोठे आहे एवढेच ते सांगतात. मात्र दर एकच असताना रकमा जुळल्या नाहीत, तर मोजमाप तपासायचे हा तुमचा क्रम येथेही लागू पडतो.

टिपणकार: आम्ही तसे विचारून पाहिले. 3 वाल्याने खरोखरच फॉर्म, पडताळणी आणि रकाना एवढेच धरले होते. 13 वालीने जुन्या आणि नव्या अशा दोन्ही क्रमांकांवर ओटीपी, इतर फोनवर उघडी असलेली लॉगिन बंद करणे, आणि जुने सिम हरवले असेल तर ग्राहकाची ओळख पटवणे, हे सगळे धरले होते. शेवटच्या मुद्द्याचे उत्तर प्रॉडक्ट ओनरकडेही नव्हते, म्हणून हरवलेल्या सिमची वेगळी स्टोरी केली आणि तिला नियम ठरेपर्यंत आकडा दिला नाही. उरलेल्या भागावर दुसऱ्या फेरीत 5 आणि 8 आले.

जुनी_पाटी: शेजारचे पत्ते आले की वाद घालू नये, 8 धरून पुढे जावे, कारण एवढ्या फरकासाठी आणखी अर्धा तास बोलून अंदाज अधिक खरा होत नाही. टिपणात आकड्यासोबत काय वगळले तेही लिहून ठेवावे, नाहीतर स्प्रिंटच्या मध्यावर हरवलेले सिम पुन्हा त्याच स्टोरीत शिरते. दुसऱ्या फेरीत आकडे जवळ आले म्हणजे सहमती झाली असेही समजू नये. स्टोरीत काहीही बदलले नसताना, नवी माहितीही पुढे आली नसताना 13 चे 5 झाले, तर ती व्यक्ती पटल्यामुळे नव्हे, तर दबावामुळे वाकली आहे. तिला 'कोणता भाग कमी झाला?' असे विचारावे, उत्तर देता आले नाही तर जुना आकडा कायम ठेवावा.

नवखी: माझी अडचण वेगळी आहे. कामाबद्दलची आमची समजूत सारखीच असते, पण तो भाग मी कधी हाताळलेला नसतो, म्हणून माझा आकडा मोठा येतो. तेथे कोणाचा अंदाज धरायचा?

सरळमार्गी: जो काम करणार त्याचा. सरासरीचा मुद्दा मी मागे घेतो, पण हा घेणार नाही.

जुनी_पाटी: मला ते पटत नाही. काम कोणाकडे जाईल हे पत्ते टाकताना ठरलेले नसते, आणि माणसागणिक पॉइंट बदलू लागले तर मागच्या स्प्रिंटशी तुलनाच करता येणार नाही. मी आकडा संघाचा ठेवीन आणि शिकण्यासाठी लागणारा वेळ त्या स्प्रिंटमध्ये कमी कामे घेऊन काढीन.

नवखी: तो भाग संघातल्या एकालाच येत असेल आणि तोच रजेवर असेल, तर संघाचा आकडा कोणता?