'भावनांक' की 'भावनिक बुद्ध्यांक'?

रेवती: शिक्षकांच्या पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. मुलांना भावना ओळखायला शिकवायचं, वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी ईक्यू, म्हणजे 'इमोशनल कोशंट', मोजायचा, अशी योजना आहे. ईक्यूला मी 'भावनांक' लिहिलं, संपादकांनी 'भावनिक बुद्ध्यांक' केलं. तुम्ही काय लिहाल?

मंदार: भावनिक बुद्ध्यांक. 'भावनांक' ज्योतिषातला वाटतो. रुळलेला शब्द कशाला मोडायचा?

तात्या: 'भावना' मूळ 'भू' धातूच्या प्रयोजकातून, म्हणजे घडवणं. वैद्य चूर्णाला रसाची भावना देतात ती हीच. जी घडवायची तिला अंक कसला चिकटवता? माझ्या वर्गात एक मुलगी होती, कोण रुसलंय हे तिला माझ्याआधी कळायचं. लेखी परीक्षेत मात्र ती कायम मागे.

अक्षरा: रेवती, आधी सांग, मुलं 'मला इतरांच्या मनातलं कळतं' अशा विधानांपुढे खुणा करतात की प्रश्न सोडवतात? खुणा असतील तर ती प्रश्नावली, तिला चाचणी म्हणू नकोस. तिथे मूल स्वतःबद्दल काय समजतं तेवढंच कळतं. वर्षभर शिकल्यावर 'मला वाटलं होतं तितकं कळत नाही' हे उमगलं, तर त्याचे गुण उलट घटतील.

रेवती: दोन्ही आहे. दुसऱ्या भागात चेहऱ्याचा फोटो, त्यात राग किती दिसतो ते १ ते ५ मध्ये सांगायचं. उत्तरसूचीत 'बरोबर' असं काही नाही, पर्यायापुढे नुसते दशांश आहेत. तिथेही अडले आहे.

अक्षरा: ते बहुमताचे गुण. आधी बऱ्याच लोकांना तोच फोटो दाखवतात. समजा ६० टक्क्यांनी ३ निवडलं, तर ३ म्हणणाऱ्याला ०.६०. ५ म्हणणारे ५ टक्केच असले, तर त्याला ०.०५. मग तात्यांच्या मुलीला चेहऱ्यातला दाबलेला राग दिसला आणि तिने ५ लिहिलं, तर ती तळाला जाईल. मेयर, सॅलोवे आणि करुसो यांच्या २००२च्या चाचणीवर हाच आक्षेप आहे. म्हणून तिथे 'बरोबर उत्तर' नको, 'बहुमताशी जुळणी' लिही.

मंदार: मग तज्ज्ञांनी ठरवावं! प्रश्न मिटला.

अक्षरा: तेही केलंय, २१ भावना-संशोधकांना विचारून. त्यांचा कौल बहुतांशी लोकांसारखाच निघाला. निर्माते याला पुरावा मानतात. टीकाकार विचारतात, तज्ज्ञांना सगळ्यांइतकंच दिसत असेल तर त्यांनी वेगळं काय ओळखलं? त्याच निर्मात्यांच्या आधीच्या चाचणीत रॉबर्ट्स, झाइडनर आणि मॅथ्यूज यांना २००१ मध्ये दोन्ही पद्धतींचे गुण नीट जुळलेले दिसलेच नव्हते.

तात्या: म्हणजे शिकवूच नये?

अक्षरा: शिकवावं की! ड्युरलॅक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे २१३ कार्यक्रम एकत्र तपासले, वागणूक आणि अभ्यास दोन्हींत सुधारणा दिसली. त्यासाठी मुलाच्या कपाळावर आकडा लागत नाही.

मंदार: 'जुळणी' नको, 'सहमती' म्हणा.

तात्या: सहमती चर्चेतून होते. इथे कोणी कोणाशी बोललंच नाही.

रेवती: संपादक म्हणतात, मुखपृष्ठ छापायला गेलंय. आत मी काय लिहू?