उत्तर: लग्नानंतरचं नाव आणि जुनी प्रमाणपत्रं

> लग्नानंतर नाव बदललं, आता दहावी-पदवीची प्रमाणपत्रंही बदलायची का?

गरज नाही, ताई. ती माहेरच्या नावानेच राहू द्या, सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. खरा घोळ मधल्या नावाचा होतो. राजपत्रात ‘स्नेहा अमोल देशमुख’ आणि आधारवर नुसतं ‘स्नेहा देशमुख’ असलं, की पॅन-आधार जोडणी अडू शकते. आधारवर नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं, म्हणून इंग्रजी स्पेलिंग आधीच पक्कं करा. आधार झालं की पॅन, मग बँक आणि पीएफ. पॅनच्या अर्जात वडिलांच्या रकान्यात मात्र वडिलांचंच नाव लिहा, लग्न झालं तरी तिथे नवऱ्याचं चालत नाही. नर्सिंग किंवा मेडिकल कौन्सिलची नोंदणी असेल तर तिथेही नाव बदलून घ्या.