ई-कचरा संकलनाला नाव काय द्यावं, म्हणजे लोक खरंच वस्तू आणून देतील?

कुंदा_घोडबंदर
आमची ठाण्यात चार विंगची, 220 घरांची सोसायटी. गेल्या वर्षी ‘हरित ई-संकल्प अभियान’ या नावाने क्लबहाऊसमध्ये टेबल मांडलं होतं. आलं काय, तर थर्माकोल, औषधांच्या बाटल्या, एक गादी, फुटक्या ट्यूबलाइट आणि थोडे रिमोट. मोबाइल एकही नाही. यंदा दिवाळीच्या आवराआवरीआधी पुन्हा ठेवतोय. कमिटीत नावावरून दोन तट पडलेत. काहींना ‘महाअभियान’सारखं भारदस्त नाव हवंय, तर तरुण मंडळींना गमतीचं. तुमच्याकडे कुठल्या नावाला लोक आले, आणि का?

मिलिंद_सी_विंग
गमतीचं नाव अजिबात नको. गंमत केली की लोकही गमतीवर नेतात. ‘अनिवार्य ई-कचरा संकलन, नियम 2022’ असं ठेवा. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि सोसायटी त्यात मोठा ग्राहक म्हणून येते. सोसायटीवर बंधन आहे म्हटल्यावर लोक मुकाट्याने खाली येतील.

आशा_मावशी_नौपाडा
माझ्याकडे इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणि बंद पडलेला मायक्रोवेव्ह आहे. बॅटरी गॅलरीत फुगली आहे. हे अशा संकलनात देता येतं का? आमच्या सोसायटीत असं कधी होतच नाही.

सुटेभाग
मी नोंदणीकृत रिसायकलरकडे काम करतो. सोसायट्यांमधून आलेला माल उतरवून घेणं आणि वेगळा करणं हेच माझं रोजचं काम आहे.

आधी मावशी, तुमची बॅटरी. इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी या टेबलावर आणू नका. बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत आणि नवी घेताना दुकानदार जुनी परत घेऊन किमतीत सूट देतो. फुगली असेल तर घरच्यांनी ती हलवू नये, दुकानाच्या माणसालाच वर बोलवा. मायक्रोवेव्ह मात्र खुशाल द्या, फक्त उघडू नका. प्लग काढून ठेवल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज राहू शकते.

मिलिंदजी, मोठा ग्राहक कोण, तर ज्याच्या वापरात वर्षात कधीही यादीतली किमान 1000 उपकरणं आहेत अशी संस्था. घराघरातले फ्रिज आणि फोन त्या-त्या घराचे, सोसायटीचे नव्हेत. सोसायटीच्या नावावर सीसीटीव्ही, इंटरकॉम, ऑफिसातला कॉम्प्युटर एवढंच असतं, ते हजारापर्यंत जात नाही. पोस्टरवर ‘अनिवार्य’ लिहिलंत आणि एखाद्या वकील सभासदाने नियम काढून दाखवला, तर पुढच्या वर्षी कमिटीच्या शब्दाला वजन राहणार नाही.

आता नाव. कुंदाताई, तुमच्या यादीतच कारण आहे. ‘हरित’ म्हटल्यावर पर्यावरणाचं म्हणून जे-जे मनात येतं ते सगळं आलं, थर्माकोल आणि गादीसुद्धा. काय आणायचं हे त्या नावात कुठेच नव्हतं. शिवाय ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. पोत्यात फुटली की तो पारा वायरी उपसणाऱ्या माणसाच्या हाताला आणि नाकाला लागतो. अशी पोती आमच्याकडे येतात तेव्हा काम थांबवून जागा मोकळी करावी लागते. चुकीच्या नावाची किंमत आधी तो माणूस मोजतो.

मला विचाराल तर नावात वस्तूच येऊ द्या: ‘बंद मोबाइल, चार्जर, वायरी: रविवारी जमा, पावतीसह’. लोक ‘कचरा’ शोधायला कपाट उघडत नाहीत. पण ‘चार्जर’ वाचलं की कुठल्या ड्रॉवरमध्ये सहा चार्जर पडलेत ते लगेच आठवतं.

वसुधा_निवृत्त_शिक्षिका
सुटेभाग, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण नावातून ‘ई-कचरा’ काढण्याला माझा ठाम विरोध आहे. आमच्या सोसायटीत ओला, सुका आणि घातक हे तीन शब्द मुलांच्या तोंडी बसायला किती वर्षं लागली! आज बिल्डिंगमधली मुलं आजीला सांगतात की डायपर सुक्यात टाकू नकोस. चौथा शब्द याच वयात बसला पाहिजे. ‘चार्जर-वायरी’ असं नाव दिलंत की लोक त्या रविवारी चार्जर आणतील आणि सोमवारी बंद पडलेली इमर्जन्सी लाइट सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकतील, कारण ती ना चार्जर, ना वायर. शब्द कळला की वस्तू ओळखता येते. नुसती यादी दिली तर यादीबाहेरचं सुटतं.

सुटेभाग
मॅडम, सुक्या डब्यात जाण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच घडतं. सुक्या कचऱ्याच्या गाडीत फुगलेली पॉवर बँक दाबली गेली की आग लागते. पण मोबाइल का येत नाही याचं कारण शब्द माहीत नसणं हे नाही. आमच्याकडे सोसायट्यांचा माल येतो त्यात वायरी, कीबोर्ड, सेट-टॉप बॉक्स भरपूर. फोन आणि लॅपटॉप फार थोडे. ते घरातच राहतात, कारण त्यात फोटो आणि बँकेचे मेसेज आहेत, आणि ‘कधीतरी विकू’ असं वाटत असतं. ‘ई-कचरा’ म्हटल्यावर तर हात आणखी आखडतो. वीस हजारांना घेतलेली वस्तू कचरा म्हणून द्यायला मन तयार होत नाही.

रोहन_बी_विंग
आम्ही बंगळूरमध्ये ‘ई-दान’ असं नाव दिलं होतं. प्रतिसाद चांगला होता, लोक आपणहून आले. कचरा नाही, दान आहे, ही भावना काम करते. कुंदाताई, तुम्हीही तेच ठेवा.

अर्चना_मुलुंड
रोहन, आमच्या सोसायटीत ‘दान’ हा शब्द फार महागात पडला. लोकांनी चालू मिक्सर, चालू टॅब आणून दिले, कारण त्यांना वाटलं कुठल्यातरी गरजू मुलाला मिळतील. ते सगळं तोडायला गेलं. एका आजोबांनी पुसून, चार्ज करून आणलेला टॅब होता. नंतर त्यांना कळलं, तेव्हा ते कमिटीशी बोलेनासे झाले. वापरता येणारी वस्तू दुरुस्त करून कुणाला देण्याची सोय खरोखर असेल तरच ‘दान’ म्हणा. नसेल तर तो शब्द म्हणजे फसवणूक आहे, मनात तसं नसलं तरी.

मिलिंद_सी_विंग
‘अनिवार्य’चा मुद्दा मान्य. पण लोकांना गंभीर कसं करायचं हा प्रश्न उरतोच. 14 ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिन आहे. ‘ई-कचरा दिन’ असंच म्हणू. दिवसही ठरेल आणि वसुधाताईंचा शब्दही राहील.

अर्चना_मुलुंड
दिवस साफसफाईच्या धामधुमीत येतो हे चांगलंच. पण ‘दिन’ म्हटलं की लोक शुभेच्छांचा फोटो पुढे पाठवतात आणि विषय संपतो. आमच्याकडे एकाने खंडेनवमी सुचवली होती: वर्षभर साथ दिलेल्या यंत्रांना निरोप. मला कल्पना आवडली होती, पण सासूबाई म्हणाल्या, ज्या दिवशी यंत्राची पूजा करतो त्या दिवशी ते घराबाहेर काढायचं का? त्यांचं पटलं.

कुंदा_घोडबंदर
फोटो आणि बँकेच्या मेसेजची भीती आमच्याकडेही होती, आता लक्षात येतंय. दोघीतिघी टेबलापाशी येऊन ‘फोनचं काय करता हो’ एवढं विचारून परत गेल्या होत्या. मग नावातच काहीतरी यायला हवं का? ‘डेटा सुरक्षित’ वगैरे?

सुटेभाग
ताई, ‘डेटा सुरक्षित’ हे वचन आहे, आणि ते सोसायटीने देऊ नये. त्यापेक्षा लोकांकडून घरीच काम करून घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढायचं, फोनमधल्या गूगल किंवा अॅपल खात्यातून बाहेर पडायचं आणि मग फॅक्टरी रीसेट करायचं. क्रम चुकवू नका. आधी रीसेट केलं तर फोन जुन्या खात्याला बांधलेला राहू शकतो आणि दुरुस्त होण्याजोगा असला तरी तोडण्याखेरीज इलाज उरत नाही. चालूच न होणाऱ्या फोनला घरी भोक पाडण्याचा सल्ला काही जण देतात. कृपा करून तसं करू नका, आत लिथियमची बॅटरी असते, ती पेट घेते. लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून घरी ठेवली तरी आमची हरकत नसते.

नावात घालायचा शब्द म्हणजे ‘पावती’, आणि तो माझ्या दृष्टीने वस्तूंच्या नावाइतकाच महत्त्वाचा. भंगारवाला पावती देत नाही. पुढे कुठे वायर जाळून तांबं काढलं जातं, कुठे सर्किट आम्लात बुडवलं जातं, ते देणाऱ्याला कधीच दिसत नाही. पण पावती छापताना काळजी घ्या. 2022 च्या नियमांत नोंदणी रिसायकलरची असते, नुसतं गोळा करणाऱ्याची नव्हे. कुणी ‘आम्ही अधिकृत कलेक्टर’ म्हणाला तर माल कुठल्या रिसायकलरकडे जाणार ते लिहून घ्या आणि ते नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर बघा. एवढी व्यवस्था नसेल तर नावात ‘पावतीसह’ लिहू नका.

बाळकृष्ण_सोसायटी_मॅनेजर
मी तीन सोसायट्यांचं काम बघतो. एक गोष्ट कुणीच बोललं नाही. घरातून आलेल्या जुन्या वस्तू विकून हाउसकीपिंगच्या मुलांना थोडे पैसे सुटतात. तुमचं ‘पावतीसह’वालं पोस्टर लागलं की त्यांचं ते उत्पन्न जातं. मग तेच लोक घरोघरी सांगतात, ‘मावशी, मला द्या, मी खाली नेतो.’ नाव कितीही चांगलं असो, जिन्यातच माल संपतो. रिसायकलर किलोवर पैसे देणार असेल तर ते या मुलांना देण्याचं आधी ठरवा आणि पोस्टरवर तसं लिहा. आमच्या एका सोसायटीत त्यानंतर तीच मुलं टेबलाशी उभी राहून वस्तू वेगळ्या करू लागली.

आणि कमिटीने पहिल्या दिवशी स्वतःचा माल टेबलावर ठेवावा. प्रत्येक सोसायटीच्या मीटर रूममध्ये बंद पडलेला डीव्हीआर आणि जुने कॅमेरे असतात. लोक आधी ते बघतात.

वसुधा_निवृत्त_शिक्षिका
बाळकृष्णजींचं म्हणणं मनापासून पटलं. नावाबद्दल मात्र मी माझ्या जागी आहे. पोस्टरवर मोठ्या अक्षरात वस्तू लिहा, पण ‘ई-कचरा’ त्यावर दिसलाच पाहिजे, कोपऱ्यात नव्हे.

रोहन_बी_विंग
दोन्ही लिहिलं तर नाव इतकं लांब होईल की व्हॉट्सअॅपवर पहिल्या ओळीत मावणार नाही. लोक मेसेज उघडत नाहीत, वरची ओळ वाचून पुढे सरकतात.

सुटेभाग
रोहनचं बरोबर. म्हणून मेसेजची पहिली ओळ वस्तूंची, आणि ‘ई-कचरा’ टेबलावरच्या फलकावर आणि पावतीवर. आमच्या कागदांवर तसंही तेच लिहिलेलं असतं. मॅडमना हे पुरेसं वाटणार नाही याची कल्पना आहे.

कुंदा_घोडबंदर
सध्या असं ठरवतेय. पहिली ओळ: ‘बंद मोबाइल, चार्जर, वायरी: रविवारी 9 ते 12, पावतीसह’. खाली ठळक: ‘ट्यूबलाइट, इन्व्हर्टर बॅटरी, थर्माकोल आणू नये’. फलकावर ‘ई-कचरा संकलन’. हाउसकीपिंगच्या पैशांचं उद्याच्या मीटिंगमध्ये मांडते, खजिनदारांचा विरोध होईल असं वाटतंय. सुटेभाग, एक राहिलं: मुलांची सेलवर चालणारी खेळणी खूप येतील. ती सेल काढून घ्यायची की तशीच?

सुटेभाग
सेल काढून, वेगळ्या डब्यात. लिथियमचे असतील तर टोकांना चिकटपट्टी लावून. आत पक्कं बसवलेलं असेल तर उघडू नका, खेळणं तसंच वेगळ्या खोक्यात ठेवा.