मदत हवी आहे: मुलांच्या औषधाची मात्रा चूक कशी ठरली?

नमस्कार. माझी भाची इंदूरला नर्सिंग शिकते आणि तिच्या एका उत्तराबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. प्रश्न असा होता: १२ किलो वजनाच्या मुलाला अमॉक्सिसिलिन ४० मि.ग्रॅ. प्रति किलो प्रति दिन, दर ८ तासांनी विभागून द्यायचे आहे; सिरपच्या ५ मि.लि.मध्ये १२५ मि.ग्रॅ. औषध आहे, तर एका वेळी किती मि.लि. द्यावे? तिने १२ × ४० = ४८० मि.ग्रॅ. काढून १९.२ मि.लि. लिहिले आणि शून्य गुण मिळाले. मला वाटते, ४८० ही दिवसभराची मात्रा असल्याने तिचे तीन भाग करून १६० मि.ग्रॅ., म्हणजे ६.४ मि.लि. हवे होते, कारण तिच्या उत्तराप्रमाणे मुलाच्या पोटात दिवसाला १४४० मि.ग्रॅ. जातील.

तिचे म्हणणे असे की पॅरासिटामॉलच्या गणितात १५ × १२ = १८० मि.ग्रॅ. हे न भागता बरोबर धरले गेले. पण तिथे ‘प्रति मात्रा’ असे लिहिलेले होते, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. माझे बरोबर आहे का? आणि वॉर्डातल्या आदेशात नुसतेच ‘४० मि.ग्रॅ. प्रति किलो, दर ८ तासांनी’ असे असेल, तर भागाकार करायचा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध मोजायचेच नाही?