मदत हवी आहे: फोल्डिंग कीबोर्डवर 'आणि' लिहिलं की 'ामि' उमटतंय, रोल होणारा घेऊ का?

बोरूबहाद्दर

नमस्कार मंडळी, माझं काम फिरतीचं आहे आणि लॅपटॉप उचलून पाठ गेली म्हणून ११ इंची टॅबलेट आणि तीन घड्यांचा ब्लूटूथ कीबोर्ड असा जोड केला, मिटला की चष्म्याच्या केसपेक्षा थोडा मोठा, खिशात मावतो, दिसायला झकास. मी मराठी इनस्क्रिप्टमध्ये दहा बोटांनी टाइप करतो, बरीच वर्षं झाली, बघावं लागत नाही.

आता तक्रार. इंग्रजी ठीकठाक होतं, पण मराठी लिहायला घेतलं की वाट लागते. सगळ्यात जास्त छळतो तो 'आणि'. 'आणि' लिहिलं की कर्सर टुणकन वरच्या ओळीत जातो आणि तिथे मधेच 'ामि' असं काहीतरी उमटतं. मला वाटलं टॅबलेट हँग होतोय, रिस्टार्ट केला, परत पेअर केला, काही फरक नाही. शिवाय य आणि ट कधी येतात कधी नाही.

प्रश्न असा की हा पीस खराब आहे का, की फोल्डिंगचं असंच असतं? सिलिकॉनचा गुंडाळायचा घेतला तर सुटेल का? घरी मोठ्या कीबोर्डवर याच टॅबलेटला काही त्रास नाही.

निळी_शाई

ब्लूटूथ लॅग आहे हो, स्वस्त चिप असते त्यात. माझ्याकडे पण होता, थोडा वेळ हात थांबले की झोपायचा आणि मग पहिली दोन तीन अक्षरं गिळायचा. वायरवाला घ्या, विषय संपला.

चहा_कमी_गप्पा_जास्त

टॅबलेटला चिकटणारा कव्हर कीबोर्ड का नाही घेत? ट्रॅकपॅड पण मिळतो, व्हिडिओ बघायला स्टँड होतो. मी तोच वापरते, एकदम मस्त.

बोरूबहाद्दर

@चहा_कमी ताई, कव्हरचं वजन धरलं की लॅपटॉपच झाला की तो :) मला फोनला पण लावायचाय, म्हणून सुटा हवा.

@निळी_शाई झोपेचा त्रास मलाही आहे, पण तो बसल्या बसल्या पहिल्या शब्दाला. हे 'ामि' मात्र चालू वाक्यात होतंय, दर वेळी.

खटका

लॅग नाही. उत्तर तुमच्या 'ामि' मध्येच आहे. इनस्क्रिप्टमध्ये आ म्हणजे Shift+E आणि ण म्हणजे Shift+C. शिफ्ट लागलाच नाही तर E चा ा, C चा म, मग F ची ि. झालं की 'ामि'. म्हणजे तीनही कळा व्यवस्थित पोचल्या, फक्त शिफ्ट पोचला नाही. ब्लूटूथ अक्षरं खातो तेव्हा असा नेम धरून दर वेळी शिफ्टच खात नाही.

मग शिफ्टच्या जागी काय दाबलं गेलं? कर्सर वर गेला म्हणताय म्हणजे वरचा बाण. E आणि C दोन्ही डाव्या हाताच्या, म्हणून दहा बोटांनी शिकलेला माणूस उजव्या करंगळीने उजवा शिफ्ट धरतो. छोट्या कीबोर्डवर बाण बसवायला जागा नसते, मग वरचा बाण / आणि उजव्या शिफ्टच्या मधे खुपसतात, किंवा शिफ्ट अर्धा करून त्याच्या जागी. तुमची करंगळी जुन्या सवयीने जिथे जाते तिथे आता बाण बसलाय. एकदा खाली बघून सांगा, / आणि Shift च्या मधे काय आहे?

बोरूबहाद्दर

अहो बाण आहे!! उजवा शिफ्ट बाणाच्या पलीकडे अगदी कडेला, नखाएवढा. दोन महिने वापरतोय आणि हे लक्षात नाही आलं, कारण खाली बघायची सवयच नाही. अ, आ, इ, ए, ण सगळे तिकडूनच यायचे, आता कळलं इंग्रजीत त्रास का नाही ते, तिथे ओळीत कॅपिटल असतं एखादं.

मग य आणि ट चं काय?

खटका

तेही त्याच कडेचं. पट्टी घ्या आणि मोजा. Q च्या मध्यापासून T च्या मध्यापर्यंत चार अंतरं असतात, नेहमीच्या कीबोर्डला एक अंतर साधारण १९ मिमी, म्हणजे ७६ मिमी यायला हवं. Y ते P पण तेवढंच. Q पासून P पर्यंत सरळ मोजू नका, मधे बिजागरी आली तर आकडा फसवतो. मग L पासून ' पर्यंतची दोन अंतरं मोजा, ३८ च्या जवळ यायला हवीत.

बोरूबहाद्दर

Q ते T ७२, Y ते P ७२. L ते ' फक्त २७. आणि / ची कळ बाकीच्यांच्या निम्म्या रुंदीची वाटते.

खटका

म्हणजे अक्षरांच्या कळा १८ मिमी वर आहेत, ते चांगलं आहे, हात चार दिवसांत जुळतो. पण उजव्या कडेला तेच अंतर साडेतेरावर आणलंय. 'पूर्ण आकाराच्या कळा' असं जाहिरातीत लिहितात ते खोटं नसतं, फक्त ते A ते L बद्दल असतं. इंग्रजी लिहिणाऱ्याला तिथे स्वल्पविराम, ॲपॉस्ट्रॉफी वगैरे, त्यामुळे बनवणारा तिथेच कात्री लावतो. आपलं इनस्क्रिप्ट मात्र त्या कडेला व्यंजनं ठेवून बसलंय, ; वर च, ' वर ट, [ वर ड, \ वर ॉ आणि / वर य. 'ज्यांच्या' घ्या, नऊ कळा लागतात, त्यात दोनदा य आणि एकदा च, म्हणजे नऊपैकी तीन ठोके त्या बोळात. करंगळी तिथे चुकणारच, तुमचा दोष नाही.

उगाच_प्रश्न

मग फोनेटिक वापरा ना, ya टाइप केलं की य. कशाला इनस्क्रिप्टचा हट्ट.

बोरूबहाद्दर

हातात बसलंय हो ते. आणि फोनेटिक मी करून पाहिलं, माझ्या टॅबलेटवर ते स्क्रीनवरच्या कीबोर्डलाच चालतं, बाहेरचा कीबोर्ड लावला की नुसतं ya च दिसतं.

उगाच_प्रश्न

माझ्या कॉम्प्युटरवर चालतं. टॅबलेटचं माहीत नाही, मागे घेतो.

रबरी_अनुभव

सिलिकॉनचं विचारलंय म्हणून लिहिते. माझ्याकडे गुंडाळायचा होता, सगळा रबराचा, धूळ नाही, चहा सांडला तरी पुसून मोकळं, आवाज शून्य, शेजारी झोपलेलं माणूस उठत नाही. हे सगळं खरं. पण टायपिंग म्हणाल तर कळ बरोब्बर मधोमध आणि खोलवर दाबली तरच लागते, कडेला दाबली की रबर नुसतं वाकतं. अर्ध्या पानात बोटं दुखायला लागली आणि मी तर दोन बोटांनी लिहिते. मांडीवर तर विसराच, खाली टणक टेबल नसेल तर तो बोटाबरोबर खाली जातो.

नंतर एक दिवस एकदम R, F, V आणि 4 चार कळा मेल्या, बाकी सगळं चालू. गॅरंटीत बदलून देतील म्हटलं तर तुम्ही घडी घातली असेल म्हणाले. मी गुंडाळायचेच, पण बॅगेत दबायचा बहुतेक.

खटका

@रबरी_अनुभव चारही कळा एका रेषेत मेल्या, म्हणजे कळा नाही गेल्या, आतल्या पातळ पडद्यावरची रेघ तुटली. एका रेघेवर बऱ्याच कळा टांगलेल्या असतात. एखादीच कळ गेली तर खाली कचरा किंवा झीज, ओळीने गेल्या तर रेघ. गुंडाळीला गोलाई हवी, चपटी दाबली की त्या मोडीवरच रेघ तुटते. घडीवाल्यात हेच दुखणं बिजागरीत असतं, तिथून एक पट्टीसारखी वायर जाते, ती गेली की एका बाजूच्या सगळ्या कळा एकदम गप्प.

@बोरूबहाद्दर, रबरवाला तुमच्या वेगाला अजिबात नको. कडक प्लास्टिकच्या पट्ट्यांचा गुंडाळायचा प्रकार वेगळा, ओळींच्या मधे वाकतो आणि काठीसारखा होतो, त्याची कळ खरी कळ असते. पण तिथेही ओळी कमी करायला आकडे Fn खाली टाकतात कधी कधी. Fn कीबोर्डच्या आतच सुटतो, टॅबलेटला तो दिसतही नाही, म्हणून नंतर कुठल्या ॲपने दुरुस्त करू म्हणालात तर जमत नाही.

बोरूबहाद्दर

मग करू काय? हा टाकवत नाही.

खटका

आधी फुकटचं करून बघा. टॅबलेटमध्ये Sticky Keys चालू करा, आयपॅडला Accessibility मध्ये Keyboards खाली आहे, नव्या अँड्रॉइडला फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये. मग शिफ्ट धरून ठेवावा लागत नाही, डावा शिफ्ट एकदा टिचकी मारून सोडायचा, मग E. म्हणजे एकाच हाताने शिफ्ट आणि E ची कसरत उरत नाही आणि उजवीकडे जायचं कामच नाही. काहींमध्ये लागोपाठ दोनदा दाबला की शिफ्ट अडकून बसतो, 'आणि' मध्ये मधे E येतो म्हणून चालेल, पण लक्ष असू द्या.

य साठी असा उपाय नाही. नवा घ्यायचा तर फोटोत मोजा. L आणि Enter च्या मधे दोन कळा, M आणि उजव्या शिफ्टच्या मधे तीन, P च्या पुढे तीन, आणि त्या शेजारच्यांएवढ्याच रुंद. दोन घड्यांचा, म्हणजे पुस्तकासारखा मिटणारा, यात बहुतेक वेळा पास होतो कारण त्याला रुंदी मिळते. मिटल्यावर मात्र खिशात मावणार नाही.

निळी_शाई

पुस्तकवाल्यात मधे फट येते ना पण, B च्या इथे. मला तर ते जास्त डोक्यात गेलं, व लिहायला उजवं बोट जायचं आणि फटीत आपटायचं.

खटका

हे बरोबर आहे. व डाव्या बोटाचं, ब उजव्याचं, शिस्तीत शिकलेल्याला फट जाणवत नाही, चोरून दुसऱ्या हाताने मारणाऱ्याला जाणवते. ते सुटतं, आठवडा जातो.

रबरी_अनुभव

आणि मांडीवर? पुस्तकवाला मधून वाकत नाही?

खटका

कुलूप नसेल तर वाकतो. तीन घड्यांचा दोन ठिकाणी वाकतो. मी खाली परीक्षेचं पॅड ठेवतो, पण मग खिशात मावणारा कीबोर्ड आणि बॅगेत पॅड, हसायला येतं खरं.

बोरूबहाद्दर

Sticky Keys लावलं. 'आणि' सलग वीस वेळा लिहून बघितलं, एकदाही 'ामि' नाही. इंग्रजी लिहिताना मात्र एकदा शिफ्ट दोनदा दाबला गेला आणि अख्खं वाक्य कॅपिटलमध्ये ओरडत सुटलं.

'ज्यांच्या' अजून पाचात दोनदा चुकतंय. पुस्तकवाल्यांचे फोटो बघायला घेतलेत, पहिल्या चारपैकी तिघांत M आणि शिफ्टच्या मधे दोनच कळा आहेत. कोणी पूर्ण / असलेला प्रत्यक्ष वापरत असेल तर उजव्या कोपऱ्याचा फोटो टाकाल का?