मदत हवी आहे: फरक पाच, मग काय-स्क्वेअर चार डिग्रीचीच का? आणि त्यातनं टी कसं निघतं?

स्वाती_सोलापूर
नमस्कार, मी सोलापुरातच एमएस्सी स्टॅट करतेय. प्रॅक्टिकलसाठी ओळखीच्या कारखान्यातून एकाच साइजच्या पाच टॉवेलांची वजनं आणली, ग्रॅममध्ये ४९८, ५०३, ५०७, ४९५, ५०२. सरासरी ५०१, फरक −३, २, ६, −६, १, वर्गांची बेरीज ८६, म्हणजे S² = 86/4 = 21.5, इथपर्यंत ठीक. आता वजनं नॉर्मल धरली तर पाचही फरक नॉर्मलच ना, मग वर्गांची बेरीज भागिले σ² ही पाच डिग्रीची काय-स्क्वेअर यायला पाहिजे, पण सगळीकडे चार दिलंय. एक डिग्री सरासरीने खाल्ली म्हणतात, पण खाल्ली म्हणजे नेमकं झालं काय? आणि पुढं टी कसं येतं तेपण सांगा, परवा सेमिनार आहे.

लूमवाला_अक्कलकोटरोड
ताई पाच टॉवेलवर काय कळणार, आम्ही डझनाचं एकदम वजन करतो, सरासरी बसली की माल पास. हलके निघाले तर आधीच बाजूला काढतो.

निखिल_बार्शी
स्वाती, सोपंय. फरकांची बेरीज कायम शून्य, त्यामुळे चार सांगितले की पाचवा आपोआप ठरतो, म्हणून डिग्री चार. आणि टी साठी X̄ आणि S² इंडिपेंडंट लागतात, त्यांचा कोव्हेरियन्स शून्य येतो म्हणजे झालं.

देशपांडे_सर_निवृत्त
निखिल, पहिलं बरोबर आहे पण बेरीज शून्य तर कुठल्याही डेटाला येते, नॉर्मल असो नसो, तेवढ्यावरून काय-स्क्वेअर मिळत नाही. स्वाती, तुझे पाच फरक नॉर्मल आहेत खरे, पण एकमेकांत अडकलेले आहेत आणि प्रत्येकाचा व्हेरियन्स σ² नसून त्याच्या ४/५ आहे, म्हणून त्यांचे वर्ग सरळ मिळवून चालत नाही. आधी दोनच टॉवेल घे. तिथं S² = (X₁−X₂)²/2 होतो, म्हणजे S²/σ² हा एकाच स्टँडर्ड नॉर्मलचा वर्ग, डिग्री एक. आता पाचांसाठी हेच पुढं ने: पहिल्यातून दुसरा वजा, मग पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसऱ्याची दुप्पट वजा, मग तिघांच्या बेरजेतून चौथ्याची तिप्पट, असं, आणि त्यांना अनुक्रमे √2, √6, √12, √20 ने भाग. तुझ्या आकड्यांवर वजाबाक्या −५, −१३, २३, −५ येतात, वर्ग करून भागले की १२.५, २८.१७, ४४.०८, १.२५. बेरीज कर, बरोबर ८६! हे चारही नॉर्मल, प्रत्येकाचा व्हेरियन्स पूर्ण σ², आणि एकमेकांपासून इंडिपेंडंट. पाचवी दिशा फक्त बेरजेची, ती X̄ कडे गेली. हेल्मर्टने १८७६ मध्ये हे असंच दाखवलं होतं.

स्वाती_सोलापूर
सर ८६ आले!! मग कोव्हेरियन्सचं काय चुकलं?

देशपांडे_सर_निवृत्त
X̄ आणि S² चा कोव्हेरियन्स कुठल्याही सिमेट्रिक वाटपात शून्यच येतो. युनिफॉर्म घे, ० ते १ मधला, त्यात सरासरी ०.९८ आली तर सगळे आकडे वरच्या टोकाला दाटलेले असणार, S² मोठा येऊच शकत नाही, म्हणजे कोव्हेरियन्स शून्य असूनही एकावरून दुसऱ्याचं कळतंय. नॉर्मलमध्ये ते चार आकडे आणि X̄ मिळून जॉइंट नॉर्मल आहेत, तिथं मात्र कोव्हेरियन्स शून्य म्हणजे खरोखर इंडिपेंडंट, आणि S² त्या चारांवरूनच बनतो. टी ला हेच लागतं. (X̄−μ)/(σ/√n) वर, खाली √(S²/σ²), भागाकारात σ उडून जातो आणि उरतं (X̄−μ)/(S/√n). वर नॉर्मल, खाली काय-स्क्वेअर भागिले डिग्री याचं वर्गमूळ, दोघं इंडिपेंडंट. १९०८ मध्ये गिनेस दारू कारखान्यातल्या गॉसेटने 'स्टुडंट' नावाने अशाच छोट्या सॅम्पलसाठी हे काढलं. खालचा S डळमळतो म्हणून टोकं जाड होतात. तुझ्याकडे ९५ टक्क्यांसाठी १.९६ नाही, २.७७६ लागेल, म्हणजे ५०१ ± ५.७६. १.९६ च वापरलं तर इंटरव्हल प्रत्यक्षात ८८ टक्केच वेळा μ ला धरतो.

निखिल_बार्शी
कोव्हेरियन्सचं मान्य सर. पण σ चा इंटरव्हल काय-स्क्वेअरवरून काढला तर २.८ ते १३.३ ग्रॅम येतोय, इतका रुंद?

देशपांडे_सर_निवृत्त
चार डिग्रीत एवढंच मिळतं. शिवाय वजनं नॉर्मल नसली तर टी बऱ्यापैकी तग धरतं, हा इंटरव्हल धरत नाही, टोकं जाड असली की S² ची हालचाल वाढते आणि सॅम्पल मोठं केलं तरी ती चूक जात नाही. पाच आकड्यांवरून नॉर्मल आहे की नाही ते तपासताही येत नाही.

स्वाती_सोलापूर
लूमवाले दादा, तुम्ही हलके टॉवेल बाजूला काढता म्हणालात. मी आणलेले पाच छाटणीनंतरचे असतील तर खालचं टोक कापलेलंच असणार की. कारखान्यात विचारते.

लूमवाला_अक्कलकोटरोड
पॅकिंगवरून आणले असतील तर छाटलेलेच. मागावरून उतरताना घ्या, आणि कुठल्या मागाचा ते लिहून ठेवा, दोन मागांचं वजन सारखं नसतं.